‘साभार : गुगल’ या ओळीबद्दल

पूर्व उपनगरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर मुले मोठ्या निष्ठेने ‘साभार : गुगल’ असे लिहितात, पालकही त्यावर समाधानी असतात आणि आम्ही शिक्षक बरोबरची खूण करून मोकळे होतो. माझे मत असे आहे की ही ओळ लिहिली काय अन् न लिहिली काय, सारखेच. गुगल चित्र शोधून देते, काढत नाही. श्रेयाच्या ओळीतून दोन गोष्टी कळल्या पाहिजेत : हे कोणी केले, आणि मला ते पुन्हा पाहायचे असेल तर कुठे सापडेल. ‘गुगल’ या शब्दातून दोन्ही कळत नाहीत.

हे मी स्वतः एका चुकीतून शिकले. वर्गातल्या एका मुलीने काढलेले पावसाचे चित्र मला फार आवडले, म्हणून त्याचा फोटो मी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली ‘आमच्या वर्गातील चित्र’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, “बाई, खाली माझं नाव नव्हतं.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, नुसते आश्चर्य होते. मी तिची क्षमा मागितली, नावासह चित्र पुन्हा टाकले आणि त्या दिवसापासून श्रेयाचा धडा इंटरनेटपासून सुरू करायचा नाही असे ठरवले. मुलाला आधी स्वतःचे नाव राहून गेल्यावर कसे वाटते ते कळावे लागते. परक्या छायाचित्रकाराचे नाव त्यानंतर.

म्हणून पहिली-दुसरीत मी एकच सवय लावावी असे म्हणेन. भिंतीवर लागणाऱ्या प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव असते आणि ते लिहिल्याशिवाय चित्र लागत नाही. सोबत एक खेळ घेता येतो. तीन खोकी ठेवायची : ‘मी काढले’, ‘बघून काढले’ आणि ‘दुसऱ्याचे’. वीसेक चित्रे मुलांनी उचलून योग्य खोक्यात टाकायची. खरी चर्चा मधल्या खोक्यापाशी होते, कारण पुस्तकातला वाघ बघून काढलेला वाघ आपलाच, असे मुलांना वाटते. तेव्हा सांगायचे की हात तुझा आहे, पण वाघ कुठून आला तेही लिही : ‘पाठ्यपुस्तकातील चित्र पाहून’. बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर चित्रकाराचे नाव छापलेले असते. ते नाव शोधायला लावले की वर्षभर हाताळलेल्या पुस्तकामागे माणसे असतात, हे मुलांना पहिल्यांदा दिसते.

तिसरी-चौथीसाठी मी पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चिठ्ठी वापरते. तिच्यावर तीनच ओळी असतात : कोणाचे, कुठे मिळाले, कधी पाहिले. चित्र किंवा माहिती घेतानाच चिठ्ठी भरायची. नंतर भरू म्हटले की हमखास ‘गुगल’ लिहिले जाते, कारण तोवर पान बंद झालेले असते. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या चित्रांच्या तक्त्याचेही असेच होते. प्रकाशकाचे नाव तक्त्याच्या कडेला बारीक अक्षरांत असते, मुले चित्रे कापून घेतात आणि ते नाव कचऱ्याच्या टोपलीत जाते. म्हणून आमच्या वर्गात कात्री हातात घेण्याआधी कड वाचायची, असा नियम आहे.

गेल्या वर्षी आम्ही ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्यांवर, प्रकल्प केला. एका मुलाने पक्ष्यांचा सुंदर फोटो आणला आणि चिठ्ठीवर अर्थातच ‘गुगल’ होते. मग माझ्या फोनवर आम्ही दोघांनी मिळून मागचा रस्ता धरला. शोधाच्या निकालातील चित्रावर बोट ठेवले, मोठे चित्र उघडल्यावर Visit दाबले आणि मूळ पानावर गेलो. ते Wikimedia Commons या मुक्त परवान्याच्या चित्रांच्या संग्रहाचे पान होते, त्यामुळे काम सोपे झाले. तेथे Author या शब्दासमोर छायाचित्रकाराचे नाव असते आणि खाली Licensing मध्ये ते कोणत्या अटींवर वापरता येते ते दिलेले असते. तरीही मुलगा चुकला. पान खाली सरकवत तो File history पर्यंत गेला आणि तेथले नाव त्याने लिहून घेतले. ते नाव चित्र चढवणाऱ्याचे असते. काढणारा आणि चढवणारा पुष्कळदा एकच असतात, पण नेहमी नाही. वर्गातल्या मुलांना हा फरक पटकन समजला, कारण मुलीचे चित्र गटावर चढवणारी मी होते आणि काढणारी ती.

दर वेळी मूळ सापडतेच असे नाही. काही पानांवर चित्र दुसरीकडून उचललेले असते आणि नाव कुठेच नसते. अशा वेळी अंदाजाने नाव लिहायचे नाही. ते चित्र बाजूला ठेवायचे आणि दुसरे शोधायचे किंवा स्वतः काढायचे.

माहितीचे श्रेय मुलांना चित्रापेक्षा अवघड जाते, कारण माहितीला कड नसते. या प्रकल्पात एका मुलीने लिहिले की खाडीला २०१५ साली संरक्षण मिळाले आणि दुसरीने लिहिले २०२२ साली. दोघी हट्टाला पेटल्या. चिठ्ठ्या असल्यामुळे आम्ही दोन्ही पाने पुन्हा उघडू शकलो आणि दोघीही बरोबर निघाल्या : २०१५ मध्ये राज्य शासनाने फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केले, तर २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत समावेश झाला. चिठ्ठ्या नसत्या, तर मी बहुधा एकीचे उत्तर खोडले असते.

याच प्रकल्पात एका मुलाच्या चिठ्ठीवर होते : ‘माझे आजोबा, तोंडी, रविवारी’. आजोबा खाडीवर मासेमारी करत आले आहेत आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरायला उतरतात, हे त्यांनी सांगितले होते. ही चिठ्ठी मला कोणत्याही संकेतस्थळाच्या पत्त्याइतकीच भक्कम वाटते. सूर्य पूर्वेला उगवतो याला चिठ्ठी लागत नाही, हेही मुलांना सांगावे लागते, नाहीतर ती प्रत्येक वाक्याखाली कागद चिकटवू लागतात. आणि वाक्य जसेच्या तसे उतरवले आहे का, हे ओळखायला मी त्यातल्या एका अवघड शब्दाचा अर्थ विचारते. सांगता आला नाही, तर वही मिटून तेच आपल्या शब्दांत सांगायला लावते. चिठ्ठी मात्र तरीही राहते, कारण शब्द बदलले तरी माहिती त्यांचीच असते.

पालकांना आणि सहकाऱ्यांना एक विनंती. नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असे मुलांना सांगू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या वापराला सवलत आहे, पण तोच प्रकल्प शाळेच्या फेसबुक पानावर टाकताना त्या सवलतीवर विसंबू नये. तेथे Creative Commons परवान्याची, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला आधीच परवानगी दिलेली, चित्रे घ्यावीत. पाचवीच्या मुलांच्या चिठ्ठीत मी म्हणूनच चौथी ओळ वाढवते : परवान्याचे नाव, आणि चित्र कापले असेल तर ‘कापून वापरले’ हे दोन शब्द.

यंदाच्या वह्या तपासायला घेतल्या आहेत. ‘गुगल’ अजून काही पानांवर आहे. तेथे मी लाल खूण करत नाही, शेजारी फक्त ‘कोणाचे?’ असे लिहून वही परत देते.