पूर आला तरी चालंल, क्लॉज कळता कामा नये

सप्लायचा करार करताय म्हणे. मग एवढं एक ऐका, फोर्स मेजरचा क्लॉज, म्हणजे पूर, युद्ध असलं हाताबाहेरचं काही घडलं तर सूट देणारा, तो कुणालाबी कळणार नाही असाच ठेवा. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच आणि बिलिंग दोन्ही बघतो, त्यामुळं सल्ला फुकटचा असला तरी अनुभवाचा आहे.

आमचा जुना क्लॉज काय सुंदर होता सांगू! एकोणीस ओळी, एकच वाक्य, पूर्णविराम थेट शेवटी. सुरुवात 'नायदर पार्टी शॅल बी लायेबल' अशी, मग देवाची करणी, युद्ध, दंगा, बंड, शत्रूराष्ट्राचा हल्ला, मध्येच 'इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू', आणि सगळ्यात शेवटी 'ऑर एनी अदर कॉज'. पंप केसिंग विकायला बेळगावहून गोकुळ शिरगावला जाणाऱ्या ट्रकवर शत्रूराष्ट्र कशाला हल्ला करंल हे कुणी विचारलं नाही. साथीचा रोग मात्र त्या यादीत नव्हता, ते 2020 ला कळलं.

असला क्लॉज असला की दोन्ही पार्ट्या खूश असतात. कारण दोघांनाबी वाटतं की तो आपल्या बाजूचा आहे.

आता पूर येऊ द्या. आमच्याकडं तो काय लांबची गोष्ट नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर आलं होतं, सगळ्यांनी बघितलंय. तर असल्याच एका पावसातली आमची केस घ्या. ऑर्डर दर आठवड्याला 8 टन, दर गुरुवारी संध्याकाळी 5 च्या आत कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाच्या गेटवर, दर किलोला 110 रुपये. उशीर झाला तर उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर आठवड्याला अर्धा टक्का दंड, आठवडा अर्धवट असला तरी पूर्ण धरायचा. गुरुवारी दुपारी बारा वाजता 5 टन भरून गाडी निघाली, 3 टन अजून फेटलिंगलाच पडून होता, कडा घासायच्या राहिल्या होत्या. दोन वाजता हायवे बंद. गाडी निपाणीत अडकली. रविवारी दुपारी दोनला रस्ता उघडला, माल सगळा सोमवारी सकाळी पोचला.

आता भांडण बघा कसं फुलतं. कोल्हापूरचे परचेसवाले म्हणाले, "भावा, 8 टन उशिरा आला, 8 टनाचा दंड." म्हणजे 8 लाख 80 हजारावर अर्धा टक्का, 4,400 रुपये. आमचे सावकार, म्हणजे फाउंड्रीचे मालक, म्हणाले, देवाची करणी आहे, एक रुपया देणार नाही. देवाची करणी आणि नारळात पाणी ऐकलं होतं, ह्या वेळी फेटलिंग राहिलेला 3 टनबी देवाच्या खात्यावर गेला. 4,400 रुपयांसाठी आम्ही वकिलाला किती दिले ते मी इथं लिहिणार नाही, सावकार हे वाचतात.

क्लॉजमध्ये 'प्रिव्हेंटेड, हिंडर्ड ऑर डिलेड' असे तीन शब्द शेजारी शेजारी बसवलेले, ते तसेच ठेवा, काढू नका. माल अडला, अडखळला का नुसता उशीर झाला, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकाला आपला आवडता शब्द उचलता येतो. कोल्हापूरवाले म्हणाले, अडखळला फक्त, संकेश्वरला वळून गडहिंग्लजकडनं का आला नाही? आम्ही म्हणालो, तिकडनं आलो तरी कागलच्या आधी वेदगंगा कुठंतरी ओलांडावी लागतेच की. ह्यावर दोन पत्रं इकडनं, दोन पत्रं तिकडनं, नकाशे जोडून.

नोटिशीचं पण तसंच. 'प्रॉम्प्ट नोटीस' एवढंच लिहा. प्रॉम्प्ट म्हणजे किती तास ते लिहू नका, कुणाला ते लिहू नका, आणि उशिरा कळवलं तर सवलत पूर्ण जाते का थोडी कमी होते हे तर अजिबात लिहू नका, कारण वकिलाची खरी कमाई तिथंच आहे. मी शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकला होता, "गाडी अडकली ओ, बघा जरा". ती नोटीस झाली का? झाली म्हणावं तर झाली, आणि नाही म्हणावं तर नाही.

पुरावा म्हणून डीसी ऑफिसचा रस्ता बंदचा आदेश पाठवला. तो कन्नडमध्ये. तिकडच्या अकाउंट्सवाल्यांनी परत पाठवला, 'वाचता येत नाही'. त्यांच्याकडं कलेक्टर आणि आमच्याकडं डीसी, पाणी मात्र एकाच नदीचं! वर करारात कोर्ट कुठलं तेच लिहिलेलं नव्हतं, बेळगावचं का कोल्हापूरचं. त्याची काळजी आम्हाला कमी, सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासनं आहे, वाट बघायची सवय आहे.

आणि हो, खरेदीवाल्यांसाठी खास टिप. पूर आला की मागच्या महिन्याच्या बिलाचे पैसेबी थांबवा. क्लॉजमध्ये 'नायदर पार्टी' लिहिलंय म्हणजे दोघांनाबी सूट, असं म्हणा. पैसे बँकेतनं जातात, यमगर्णीच्या पुलावरनं जात नाहीत, हे कुणी काढलं तर विषय बदला. विकणाऱ्यांनी मागं राहू नये, भंगार महागलं की तेबी देवाच्या नावावर घाला. सुप्रीम कोर्टानं 2017 ला एनर्जी वॉचडॉगच्या केसमध्ये सांगून टाकलंय की इंडोनेशियाचा कोळसा महागला हा फोर्स मेजर होत नाही, करार पाळणं महाग पडलं म्हणजे अशक्य झालं असं नव्हे. पण 'एनी अदर कॉज' आहे ना आपल्याकडं, लढा. 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 56, पाळणं अशक्य झालेला करार रद्द होतो ते, पण मध्ये टाका, भारी वाटतं. करारातच क्लॉज असला तर मामला आधी एखाद्या घटनेवर अवलंबून असलेल्या करारांच्या कलम 32 नी आणि त्या क्लॉजच्या शब्दांनी बघतात, हे समोरच्याला माहीत नसलं म्हणजे झालं.

तर आता काय करू नये ते सांगतो, कारण आमच्याकडनं ते पाप झालंय. पुढच्या वर्षी करार रिन्यू करायला मी आणि कोल्हापूरचे स्टोअरवाले अण्णा निपाणीत एका हॉटेलात बसलो, वकील न घेता, आणि जुन्या केसवर बोट ठेवून एकेक वाक्य मराठीत लिहिलं. लिहून झालं की अण्णा विचारायचे, "त्या गुरुवारी ह्यानं काय झालं असतं?" उत्तर दोघांचं वेगळं आलं की वाक्य खोडायचं. असलं घाणेरडं काम तुम्ही करू नका. नमुन्यादाखल देतो, वाचून विसरून जा.

'हायवे सरकारी आदेशानं बंद असेल आणि ट्रक दुसऱ्या कुठल्याच रस्त्यानं पोचू शकत नसेल, तर तेवढे तास आणि वर एक दिवस मुदत वाढेल.' तो एक दिवस अण्णांनी घातला, रस्ता उघडला तरी ट्रकची रांग सुटायला वेळ लागतो म्हणून. 'वाढलेली मुदत गेट बंद असताना संपली तर पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत.' 'दुसरा रस्ता चालू असेल तर त्यानंच यायचं, जादा भाडं 6,000 पर्यंत निम्मं निम्मं, त्याच्यावर जात असेल तर थांबायचं आणि मुदत वाढेल.'

मग सगळ्यात कडू वाक्य, आमच्या सावकारांच्या घशाखाली न उतरलेलं. 'रस्ता बंद झाला त्या वेळी जो माल भरून निघालेला नव्हता आणि रस्ता चालू असता तरी वेळेत पोचला नसता, त्याला सवलत नाही.' निघाला होता का हे कशावरनं ठरवायचं? ई-वे बिलावरनं. त्यावर तारीख आणि वेळ असते, गाडीचा नंबर असतो, दोघांना दिसतं, भांडायला जागाच उरत नाही. किती हळहळ वाटली लिहिताना!

नोटीस: 'अडकल्यापासनं 24 तासांत, करारात लिहिलेल्या दोन नंबरांवर, लेखी, किती माल, कुठं, का. उशिरा कळवलं तर सवलत कळवलेल्या वेळेपासनं मोजायची.' व्हॉइस मेसेज चालणार नाही, हे माझ्याकडं बघून लिहिलं. 'आदेश कन्नड असो वा मराठी, तसाच चालेल, पाठवणाऱ्यानं खाली दोन ओळीत अर्थ लिहायचा.' 'पैसे देणं ह्या क्लॉजनं थांबत नाही.' 'कच्च्या मालाचा भाव वाढला, कामगार आले नाहीत, आधी जाहीर झालेला बंद असला, तर सवलत नाही.' बंदवर थोडं बोलणं झालं. अण्णा म्हणाले 1 नोव्हेंबरला, राज्योत्सव आणि काळ्या दिवसाला, तुमच्याकडं काही ना काही असतंयच. म्हटलं म्हणूनच, तारीख कॅलेंडरात छापून येते तिला अचानक कसं म्हणायचं, माल आदल्या दिवशी भरा. पण न सांगता रस्त्यात गाड्या अडवल्या, दगड पडले, तर ते मात्र यादीत घातलं, पोलिसांच्या कागदासह.

'एनी अदर कॉज' पूर्ण काढावं का यावर चहा दोन वेळा झाला. मी काढा म्हणत होतो, अण्णा 2020 आठवा म्हणाले. शेवटी ठेवलं, पण तीन अटी घालून: आधी माहीत नसलेलं, दोघांच्या हातात नसलेलं, आणि त्याच्याचमुळं हाच माल अडलेला. ह्या एका जागी भांडण होऊ शकतं, कबूल आहे, सगळंच भविष्य हॉटेलातल्या टेबलावर बसत नाही. आणि 30 दिवसांच्या वर अडलं तर कुणीबी उरलेली ऑर्डर सोडू शकतो, पोचलेल्या मालाचे पैसे द्यायचे आणि साचे करायला दिलेले त्यांचे पॅटर्न आम्ही परत करायचे.

मग जुनी केस नव्या वाक्यांवर ठेवून बघितली. 5 टन बाराला निघालेला, ई-वे बिल साक्षीला. रस्ता 72 तास बंद, गुरुवारी पाचची मुदत रविवारी पाचला गेली, वरचा एक दिवस धरून सोमवारी पाच. गाडी सोमवारी सकाळी गेटवर. नोटीस शुक्रवारी रात्री म्हणजे 24 तासांच्या पुढं, वरनं व्हॉइस मेसेज. कडक मोजलं तर मी तिथं मार खाल्ला असता, पण अण्णा म्हणाले त्या वेळी नियमच नव्हता, जाऊ दे. 3 टन मात्र आमच्या फेटलिंगमुळं. 3 लाख 30 हजारावर अर्धा टक्का, 1,650 रुपये. चहा संपायच्या आत.

वकिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "ह्यात इंग्लिश कुठाय?" मग तीन ठिकाणी शब्द घट्ट केले, शेवटी कोर्ट बेळगाव लिहिलं आणि फी नेहमीचीच लावली.

1,650 ची डेबिट नोट मी घेतली. सावकार अजून बोलत नाहीत माझ्याशी.