बँकेच्या नोंदीने रक्कम गेल्याचे कळते, भाडे दिल्याचे नव्हे

«एचआरएची सूट घ्यायला करारनामा, पावती काहीच लागत नाही. आईवडिलांच्या नाहीतर बायकोच्या खात्यात दरमहा पैसे टाका, रिमार्कमध्ये रेंट लिहा आणि वर्षअखेरीस बँक स्टेटमेंट जोडा. बँकेची नोंद हा कायद्याने पुरावा आहे, तो कोणीही नाकारू शकत नाही. पैसे नंतर परत घेतले तरी चालतात.»

हा मजकूर गेले काही महिने फिरतो आहे, आणि आता तो माझ्या भाच्याकडून मला आला. सोबत त्याचा प्रश्न होता, «मामा, असंच करू ना? ऑफिसात प्रूफ द्यायची तारीख जवळ आली आहे.» तो पुण्यात वडिलांच्या नावावर असलेल्या सदनिकेत राहतो. त्यामुळे हे लिहिणाऱ्याने एका सरळमार्गी नोकरदाराला नेमके कुठे नेऊन उभे केले आहे, ते सविस्तर सांगणे मला भाग आहे.

सर्वांत घातक वाक्य शेवटचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आर्थिक वर्ष 2025-26 ला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(13अ) मध्येच अट घातली आहे की, राहते घर स्वतःच्या मालकीचे असेल किंवा भाड्यापोटी प्रत्यक्ष खर्चच झाला नसेल, तर एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची, ही करसूट मिळत नाही. 5 तारखेला 22,000 रुपये वडिलांच्या खात्यात गेले आणि 7 तारखेला तेवढेच परत आले, तर खर्च झाला तरी कोणता? शिवाय हे दोन्ही व्यवहार ज्या स्टेटमेंटवर दिसतात, तेच आपण पुरावा म्हणून अधिकाऱ्यापुढे ठेवणार असतो. निवडक पाने देऊन भागत नाही, कारण छाननीत पूर्ण वर्षाचा उतारा मागवला जातो आणि वडिलांच्या खात्याचाही मागवता येतो. रक्कम आईच्या किंवा भावाच्या खात्यातून फिरवून आणली, तरी तारखा आणि आकडे जुळतातच.

यात पणाला काय लागते ते भाच्याच्याच आकड्यांत पाहू. मूळ वेतन दरमहा 60,000, एचआरए 24,000 आणि भाडे 22,000 रुपये. वर्षाचा एचआरए 2,88,000 रुपये होतो. त्याची नोकरी आणि घर पुण्यात असल्यामुळे 2025-26 साठी वेतनाच्या 40 टक्क्यांची मर्यादा लागते, तीही 2,88,000 रुपयेच येते. वर्षाचे भाडे 2,64,000, त्यातून वेतनाचे 10 टक्के म्हणजे 72,000 वजा केले की 1,92,000 रुपये उरतात. सूट या तिन्हींतील सर्वांत लहान आकड्याइतकीच मिळते, म्हणून ती 1,92,000 रुपयांची. त्याचे उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने उपकरासह साधारण 59,904 रुपयांचा कर वाचतो. मात्र दावा खोटा ठरून तो चुकीची माहिती देण्याच्या सदरात गेला, तर कलम 270अ खाली त्या कराच्या दुप्पट, म्हणजे 1,19,808 रुपये दंड होऊ शकतो. मूळ कर आणि व्याज वेगळे.

आता «कोणीही नाकारू शकत नाही» या भागाकडे. रिमार्कच्या रकान्यातला शब्द बँक लिहीत नाही आणि तपासतही नाही, पैसे पाठवणारा तो स्वतः टाइप करतो. 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यानुसार प्रमाणित उतारा हा ती नोंद अस्तित्वात असल्याचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो, हे खरे आहे. पण त्या नोंदीचे वजन मूळ खातेवहीतल्या नोंदीइतकेच राहते, त्यापेक्षा वाढत नाही. अमुक तारखेला अमुक खात्यातून तमुक खात्यात 22,000 रुपये गेले, इतकेच त्यावरून ठरते. ते भाडे होते, घरखर्च होता की हातउसने होते, हे त्या ओळीवरून ठरत नाही, आणि पैसे देणारा व घेणारा एकाच कुटुंबातले असले की हा प्रश्न विचारला जातोच.

या बाबतीत आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचा एप्रिल 2017 चा निर्णय प्रत्येकाने वाचावा असा आहे. तिथे एका नोकरदार महिलेने आईला रोखीने भाडे दिल्याचा दावा केला होता. आयकर विभागाच्या निरीक्षकाने सोसायटीत जाऊन चौकशी केली. लिव्ह अँड लायसन्स करार, सोसायटीला भाडेकरूबद्दल कळवलेले पत्र, वीज किंवा पाणी यांच्या बिलांचा भरणा, भाड्यासाठी बँकेतून रोकड काढल्याच्या नोंदी, यांतले काहीच पुढे येऊ शकले नाही आणि सूट नाकारली गेली. त्या प्रकरणात बँकेची नोंद नव्हती म्हणून ती असली की पुरे, असा अर्थ काहीजण काढतात. तो चुकीचा आहे, कारण न्यायाधिकरणाने पाहिलेल्या अनेक गोष्टींपैकी बँक ही एक होती. ती व्यक्ती खरोखर तिथे भाडेकरू म्हणून राहत होती का, हाच प्रश्न मुळाशी होता.

संदेशात तथ्य आहे ते एवढेच, आणि ते मान्य करायला हवे: रोख भाड्यापेक्षा बँकेतून दिलेले भाडे कितीतरी भक्कम ठरते, आणि आईवडिलांना भाडे देण्यास कायद्याची बंदी नाही. कंपनीही अनेकदा पावत्यांवर समाधान मानते. पण कंपनीने दावा मान्य करणे आणि आयकर विभागाने तो मान्य करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. करारनामा लागत नाही, हे तर महाराष्ट्रात सांगूच नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे.

नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सूट मुळातच नाही, हे संदेशात कुठेच सांगितलेले नाही. अनामत म्हणून दिलेली रक्कम भाडे नसते, तिची नोंद भाड्याच्या बेरजेत धरू नये. करार एकाच्या नावाने आणि पैसे त्याच्या मुलाच्या खात्यात, असे असेल तर मालकाचे तसे लेखी पत्र घेऊन ठेवावे.

भाच्याला मी सांगितले ते असे. भाडे खरोखर द्यायचे असेल तर आधी करार नोंदवून घे, सोसायटीला कळव आणि करारातल्याच रकमेचे भाडे करारातल्याच खात्यात दरमहा ठरल्या तारखेला पाठव. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असल्याने 2025-26 साठी कंपनीला द्यायच्या फॉर्म 12बीबीमध्ये वडिलांचा पॅन लिहावा लागेल. म्हणजेच वडिलांनी हे उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवलेच पाहिजे. 2,64,000 मधून 30 टक्के प्रमाणित वजावट गेली की 1,84,800 रुपये घरमिळकतीचे उत्पन्न म्हणून त्यांच्या पेन्शनमध्ये मिळवले जातील, भरलेल्या मालमत्ता कराची वजावट आणखी मिळेल. त्यांच्यावर त्यामुळे किती कर बसतो, हा हिशेब दोघांनी करार नोंदवण्याआधी एकत्र बसून करावा. करार झाल्यापासूनच्या महिन्यांचेच भाडे दाखवावे, मागल्या तारखेच्या पावत्या बनवू नयेत.