सेकंड शिफ्ट, मगरिब आणि चौदा स्टेशनांची लाईन

परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याच्या लाईनवर नमाजच्या सुट्टीवरून पुन्हा वाद झाला होता. तो म्हणाला, "एकाला सोडलं की पाच जण मागतात, आणि नाही म्हटलं तर ते न सांगता जातात. तू तेव्हा काय केलं होतंस?" फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वाळूजमध्ये मी बरीच वर्षं सुपरवायझर होतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही.

आमची लाईन वॉटर पंप असेंब्लीची. एकापुढे एक अशी चौदा स्टेशनं, प्रत्येकावर एक माणूस, आणि दर ४८ सेकंदाला एक पंप बाहेर. सेकंड शिफ्ट दुपारी ३ ते रात्री ११.३०. चहा ५ वाजता, जेवण ७.३० ला. चौदापैकी पाच जण नियमित नमाज पढणारे.

माझी पहिली चूक अशी की मी 'पाच वेळची नमाज' हे शब्द ऐकूनच घाबरलो होतो. लाईनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एकदा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, पाचाचं टेन्शन नका घेऊ. सेकंडला आमचा प्रश्न फक्त मगरिबचा आहे." मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. फजर घरी होते. जोहर शिफ्टला येण्याआधी होते. असर चहाच्या सुट्टीत बसते. इशाची वेळ रात्री उशिरापर्यंत असते, ती ११.३० नंतरही पढता येते. राहिली मगरिब. ती सूर्य मावळला की लागते आणि साधारण सव्वा तासात, संधिप्रकाश गेला की संपते.

त्या रात्री मी घरी कॅलेंडर घेऊन बसलो. आमच्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. उन्हाळ्यात जेवणाची ७.३० ची सुट्टी मगरिबच्या वेळेतच पडते, कुणाला काही मागावंच लागत नाही. हिवाळ्यात मात्र जेवणाची घंटा होण्याआधीच मगरिबची वेळ सरलेली असते. आमच्याकडची भांडणं दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू व्हायची आणि होळीनंतर विरायची, त्याचं कारण हे होतं. मॅनेजमेंटला वाटायचं की कुणीतरी माणसांना भडकवतंय. खरं तर फक्त दिवस लहान झालेला असायचा.

मग जेवणच सहाला का ठेवू नये? मी ते विचारून पाहिलं. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ५५ आम्हाला लागू होतं: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी. सहा ते साडेसहा जेवण दिलं तर साडेसहा ते साडेअकरा बरोबर पाच तास होतात. कागदावर बसतं. पण एखादी गाडी लोड करायची राहिली आणि शिफ्ट दहा मिनिटं लांबली तर कायदा मोडला. शिवाय सहाला कुणाला भूक नसते आणि दहाला सगळ्यांचे हात गळतात. शेवटच्या तासात रिजेक्शन वाढतं, हे लाईनवर काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तो मार्ग मी सोडला.

आता लाईनचं गणित. सरळ लाईनवर एक स्टेशन रिकामं झालं की काही मिनिटांत पुढचे सगळे थांबतात. माणूस १२ मिनिटं गेला तर १५ पंप कमी. पाच जण आपापल्या वेळेला वेगवेगळे गेले तर लाईन पाच वेळा थांबते, म्हणजे एक तास, म्हणजे ७५ पंप. पाचही जण एकदम गेले तर तीच लाईन एकदाच थांबते, १५ पंप जातात. सुपरवायझरला वाटतं की एकेकाला सोडणं म्हणजे कमी नुकसान. त्या जागी उभं राहायला दुसरा माणूस नसेल, तर उलटंच होतं.

'एका वेळी किती जण' हा मुद्दा किती विकोपाला जाऊ शकतो, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. कोलोरॅडोच्या फोर्ट मॉर्गन गावातल्या कारगिलच्या मांस कारखान्यात डिसेंबर २०१५ मध्ये नमाजच्या सुट्टीवरून वाद झाला. वादातले कामगार बहुतेक सोमाली. किती जणांनी एकत्र जायचं यावरून ठिणगी पडली, लोक काम सोडून बाहेर पडले आणि सुमारे दीडशे जणांची नोकरी गेली. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण २०१८ मध्ये १५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तिथे वर्षानुवर्षं लोक नमाजला जातच होते. माझ्या मते घोळ असा की ती सोय त्या त्या दिवसाच्या सुपरवायझरच्या मर्जीवर राहते. सुपरवायझर बदलला की नियम बदलतो, आणि माणसाला वाटतं की आपला हक्क काढून घेतला.

म्हणून आम्ही पहिलं काम केलं ते मर्जी काढून टाकण्याचं. आधी घड्याळ लावून मोजलं. एका माणसाचे १२ मिनिटं कुठे जातात? नमाजला पाचच मिनिटं लागत होती. बाकीची सात कँटीनमागच्या नळापर्यंत जाण्यायेण्यात, वजूत म्हणजे नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्यात, आणि सेफ्टी शूजच्या नाड्या सोडून पुन्हा बांधण्यात. लाईनच्या टोकाला स्टोअरच्या भिंतीलगत एक बुटका नळ, बसायला ओटा, पाय पुसायला फडकी आणि दोन चटया टाकायची जागा केली. फडकी चैनीची नाहीत. ओले पाय घेऊन माणूस इपॉक्सीच्या फरशीवरून चालला तर घसरतो. चहाच्या वेळी केलेली वजू काही जण मगरिबपर्यंत टिकवायचे, मग तोही वेळ वाचायचा. १२ चे १० मिनिटं झाले, आणि १० म्हणजे १० हे सगळ्यांना मान्य झालं.

दुसरं काम रिलिव्हरचं, म्हणजे गेलेल्याच्या जागी उभं राहणाऱ्या माणसाचं, आणि इथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. आमच्याकडे एक रिलिव्हर होता, त्याच्या जोडीला लाईन लीडर. आधी मी फक्त पाच नमाजींसाठी पाळी लावली. पंधरा दिवसांत बाकीचे नऊ जण कुरकुरायला लागले. मी आधी चिडलो, मग त्यांचं ऐकलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कुणाला घरी फोन करायचा असतो, कुणाला तंबाखू, कुणाची नुसती पाठ धरलेली असते. म्हणून १० मिनिटं सगळ्या चौदांना दिली. चौदा गुणिले दहा म्हणजे १४० मिनिटं, दोन माणसांत वाटली तर ७० मिनिटं. मगरिबची वेळही जवळपास तेवढीच असते. हिवाळ्यात ५.५० ला सुरू करून ७ ला संपायचं. पहिल्या जागा नमाजींना, नंतर बाकीचे. एप्रिल ते सप्टेंबर हीच पाळी रात्री नऊनंतर, कारण तेव्हा मगरिब जेवणाच्या सुट्टीत होते. कुरकुर थांबली, कारण आता ही कुणा एका समाजाची सवलत राहिली नव्हती. चहाही ५ वरून ५.१५ ला सरकवला, कारण मे-जूनमध्ये असर पाचनंतर लागते.

फटका बसला तो लीक टेस्टवर. रिलिव्हर हुशार होता, पण त्या स्टेशनचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. मी म्हटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्याने लाल दिवा आलेला पंप काढून पुन्हा लावला, दुसऱ्यांदा हिरवा आला आणि त्याने तो पुढे पाठवला. एकदा नव्हे, बऱ्याच वेळा. हे कळलं ते मशिनच्या काउंटरवरून. दहा मिनिटांत बारा-तेरा पंप जायला हवेत आणि काउंटर १९ ने पुढे गेला होता. त्या रात्री भरलेल्या सगळ्या क्रेट उघडून पुन्हा टेस्ट कराव्या लागल्या, आणि ती चूक माझी होती, त्या पोराची नाही. तेव्हापासून नियम केला: स्किल मॅट्रिक्स म्हणजे कुणाला कोणतं स्टेशन येतं याचा तक्ता, त्यात ज्या स्टेशनची सही नाही, तिथे रिलिव्हर उभा राहणार नाही, मग कुणाचीही पाळी असो. लीक टेस्टला लीडर स्वतः उभा राहायचा.

पहिल्या स्टेशनला, म्हणजे बेअरिंग प्रेसला, रिलिव्हर मिळणं कठीण होतं. तिथे चाचाच बसायचे. त्यांच्यासाठी साठा केला. प्रेसला एक पीस ४० सेकंदांत व्हायचा, लाईनला ४८ लागायचे. म्हणजे दर चार मिनिटांला एक पीस जास्त. पावणेपाचला सुरुवात केली की चहाची सुट्टी सोडून ५.५० पर्यंत १३ पीस ट्रॉलीवर जमायचे आणि तेवढ्यावर पुढची लाईन १० मिनिटं चालायची. प्रेस पहिलं स्टेशन होतं म्हणून हे जमलं, त्याच्या मागे कुणी तुंबत नव्हतं. गॅस्केट स्टेशनला मात्र हा उपाय चालत नाही. सीलंट लावल्यावर दहा मिनिटांत कव्हर बसलंच पाहिजे, नाहीतर वरचा थर सुकतो आणि गळती येते. तिथे साठा करायला गेलात तर लीक टेस्टवर लाल दिव्यांची रांग लागेल.

शुक्रवारचा प्रश्न फक्त फर्स्ट शिफ्टचा, आणि तो वेगळा आहे. जुम्याला मशिदीत जावं लागतं, दहा मिनिटांत भागत नाही. आसपासच्या मशिदींत सामूहिक नमाजच्या वेळा वेगवेगळ्या असतात. त्यामुळे दोन गट करून गेटपास दिले, आणि तेवढा वेळ त्यांनी त्याच आठवड्यात भरून द्यायचा असं ठरवलं. एवढं पुरलं.

रमजानमध्ये पाळीचा तक्ता बाजूला ठेवावा लागतो. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला "दहा मिनिटांत रोजा सोड, नमाज पढ आणि ये" असं सांगणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या महिन्यापुरतं सगळ्यांचं जेवणच सूर्यास्ताला ठेवलं. मार्चमध्ये ते ६.३५ च्या आसपास पडतं, दोन्ही बाजूंनी पाच तासांच्या आत. एरवी ७.३० ला जेवणाऱ्यांनी महिनाभर थोडं आधी जेवायला हरकत घेतली नाही. ज्यांना उशिरा भूक लागायची त्यांच्यासाठी साडेनऊला एक जादा चहा दिला.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तो जानेवारीत असेल, तेव्हा सूर्यास्त ६.०५ च्या सुमारास. ६.०५ ते ६.३५ जेवण, नंतर ११.३० पर्यंत चार तास पंचावन्न मिनिटं. मी सहकाऱ्याला सांगितलं, त्या महिन्यात शिफ्ट एक मिनिटही लांबवू नकोस, आणि डिस्पॅचवाल्यांना डिसेंबरमध्येच सांगून ठेव की सेकंडची शेवटची गाडी अकराच्या आत भरून निघाली पाहिजे.