कंस टाकला का, अण्णा?

आमचं ऑफिस अक्कलकोट रोड एमआयडीसीत. टॉवेलचं काम. खाली यंत्रमाग धडधडतात, वर आम्ही तिघं. मी, आमचे हिशोबनीस अण्णा, आणि एक पोरगा जो डिस्पॅच बघतो. दिवसाला पंधरावीस वेळा फोन येतो, "७५ बाय १५० चा साडेचारशे जीएसएम, बाराशे पीस, काय पडेल?" आणि समोरचा फोन ठेवत नाही, आकडा ऐकायला थांबून राहतो.

पूर्वी माझी कसरत अशी चालायची. एक्सेल मिनिमाइझ, डेस्कटॉपवरचा कॅल्क्युलेटर शोध, तो उघडेपर्यंत आकडा विसर, मग दराची फाईल कुठल्या फोल्डरात आहे ते आठव. दोन वर्षं झाली, मी लाँचर वापरतोय. कुठल्याही खिडकीत असू दे, Alt+Space दाबलं की मधोमध एक पट्टी येते. त्यात दोनतीन अक्षरं टाकली की प्रोग्रॅम, फाईल, काय हवं ते खाली दिसतं, एंटर मारला की उघडतं. माझ्याकडे विंडोजवर फ्लो लाँचर आहे, फुकट आहे. मॅकवाल्यांकडे स्पॉटलाइट मशीनमध्येच असतो, तिथे Cmd+Space.

अण्णांना समजावताना मला एकच वाक्य पुरलं. टॅलीत तुम्ही Alt+G दाबून 'गो टू' उघडता आणि बॅलन्स शीट शोधता ना, तेच आता अख्ख्या कॉम्प्युटरला. टॅलीप्राइमवर रोज काम करणाऱ्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

आता हिशोब. पट्टीत सरळ आकडे टाकायचे:

```
0.75*1.5*450*1200/1000
```

खाली लगेच 607.5 दिसतं. म्हणजे ७५ सेमी बाय १५० सेमी, एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम, बाराशे टॉवेल, एकूण सहाशे साडेसात किलो. एका टॉवेलचं वजन ५०६.२५ ग्रॅम. एंटर मारला की उत्तर कॉपी होतं, कोटेशनमध्ये Ctrl+V केलं की काम झालं. माझ्या मते खरी सोय इथे आहे. आकडा बघून परत टाइप करताना ६०७.५ चं ६७०.५ होण्याची जी भीती असते, ती जाते.

पण इथेच मी अण्णांना एकदा पकडलं. ते सविस्तर सांगतो, कारण ज्यांचं आयुष्य टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर गेलंय त्यांना हा खड्डा नक्की लागणार.

दर किलोला ३८०. माल झाला २,३०,८५० चा. भाडं ३,५०० बिलातच धरायचं आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. अण्णा वीस वर्षांच्या सवयीने टाकतात: 230850+3500*1.05. त्यांच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर हे बरोबरच येतं, 246067.5. कारण तो जसजशी बटणं दाबाल तसतसा हिशोब करत जातो. गुणाकाराचं बटण दाबलं की आधीची बेरीज तिथेच पक्की होते, मग पुढचा गुणाकार. लाँचरला मात्र अख्खी ओळ एकदम दिसते आणि तो शाळेतला नियम लावतो, आधी गुणाकार, मग बेरीज. म्हणून तो फक्त भाड्यावर टॅक्स लावतो आणि सांगतो 234525. फरक ११,५४२ रुपये ५० पैसे. आणि चूक आहे असं कुठेही दिसत नाही, आकडा एकदम सोज्वळ असतो.

अण्णांनी तो आकडा बघून म्हटलं, "हे मशीन खुळं झालंय बे."

मी म्हटलं, "अण्णा, मशीनचं बरोबर आहे. कंस टाकायला लागतो."

```
(230850+3500)*1.05
```

तेव्हापासून ते फोन चालू असताना मला खूण करतात, दोन्ही हाताने हवेत कंस काढून.

टक्क्याच्या चिन्हाचंही तसंच. कॅल्क्युलेटरवर आपण +5% दाबून मोकळे होतो. प्रोग्रॅमिंगच्या जगात % म्हणजे भागाकारातली बाकी, आणि बऱ्याच लाँचरची नाळ त्या जगाशी आहे. कुठला लाँचर काय करेल याचा भरवसा धरण्यापेक्षा मी ते चिन्ह हातच लावत नाही. पाच टक्के वाढवायचे तर 1.05 ने गुणायचं, तीन टक्के सूट द्यायची तर 0.97 ने. आणि १,२५,००० मधले स्वल्पविराम टाकायचे नाहीत. नुसते आकडे.

आता मी कुठे आपटलो ते.

दराची फाईल मी "rate" टाइप करून उघडायचो. असल्या लाँचरला सवय लागते. तुम्ही एका शब्दाला ज्या फाईलवर वारंवार एंटर मारता ती तो वर आणत जातो. आठदहा दिवसांत बोटं आपोआप चालायला लागतात, Alt+Space, rate, एंटर, स्क्रीनकडे न बघता. सुताचे भाव चढले म्हणून आम्ही नवीन दरपत्रक केलं, आणि मी शहाण्याने जुन्या फाईलची कॉपी मारून "Towel rate new final (2)" असं नाव दिलं. जुनी फाईल होती तिथेच. सहा महिने तिच्यावर एंटर मारलेला, त्यामुळे "rate" टाकल्यावर तीच वर. फोनवर पुण्याचा एक व्यापारी, मी घाईत, फाईल उघडली, ३६५ दर सांगून टाकला. नवा दर ३८०. तोच बाराशे पीसचा माल, ६०७.५ किलो, किलोमागे पंधरा रुपये, म्हणजे ९,११२ रुपये ५० पैसे गेले. शब्द दिला होता, त्यामुळे माल त्याच भावात गेला. लाँचरने त्याचं काम चोख केलं होतं. त्याला विचारलेलं "rate", त्याने माझी सवय मला परत दिली.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, चालू फाईलचं नाव कायम एकच: rate-chalu.xlsx. दर बदलले की आधी जुन्या फाईलची कॉपी तारखेसकट "juna" नावाच्या वेगळ्या फोल्डरात जाते, rate-2025-04 अशी, आणि मग बदल चालू फाईलमध्येच होतो. नाव बदलत नाही, त्यामुळे लाँचरची सवय आणि माझी सवय दोन्ही बरोबर जागी राहतात. दुसरी, त्या "juna" फोल्डरला शोधातून वगळलं. फ्लो लाँचरच्या सेटिंगमध्ये एक्सप्लोरर प्लगइनखाली Index Search Excluded Paths आहे, तिथे फोल्डरचा पत्ता टाकला. आता जुना दर बघायचाच असेल तर मुद्दाम फोल्डर उघडावा लागतो, आणि तेवढं कष्ट असलेलं बरं.

म्हणून मला सल्ला विचारणाऱ्यांना मी आधी लाँचरचं नाव सांगत नाही, त्यांच्या फाईलींची नावं बघतो. "Book1", "New Microsoft Excel Worksheet (3)", "bill final final" असला संसार असेल तर दोन अक्षरं टाकून काय कप्पाळ सापडणार? पार्टीचं नाव, मग काय आहे ते, मग महिना. एवढं असलं की अर्ध्या शब्दात फाईल येते. मी "lat chal" टाकतो, लातूरच्या पार्टीची चलनं समोर.

फाईल सापडतच नाही अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. विंडोजचा स्वतःचा शोध नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळी डिस्क चाळत नाही, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप असे ठरावीक फोल्डरच त्याच्या यादीत असतात. आणि आपल्याकडे तर धंद्याचा सगळा डेटा डी ड्राइव्हवर, कारण कोणीतरी कधीतरी सांगितलेलं की विंडोज उडालं तर सी जातं. ओळखायची खूण सोपी. त्याच फाईलची कॉपी डॉक्युमेंट्समध्ये टाका. ती कॉपी सापडली आणि डी वरची नाही सापडली, तर दोष यादीचा आहे. मी त्यावर एव्हरीथिंग नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला आणि फ्लो लाँचरला सांगितलं की फाईली याच्याकडून शोध. तो फोल्डर उघडून बघत बसत नाही, डिस्कची स्वतःची जी नोंदवही असते, एनटीएफएसची मास्टर फाईल टेबल, तीच वाचतो. त्यामुळे लाखभर फाईलींची नावंसुद्धा सेकंदांत येतात. मर्यादाही त्यातच आली. तो मुळात नावं शोधतो, आतला मजकूर नाही. आणि पेनड्राइव्ह बहुतेक एनटीएफएसचा नसतो, त्यामुळे त्यावरचं आपोआप येत नाही, तो फोल्डर वेगळा जोडून द्यावा लागतो.

शेवटची गंमत आपल्या मराठी लोकांचीच. दुपारी मी पार्टीला मराठीत पत्र टाइप केलं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला, आणि Alt+Space दाबून rate टाकलं. पट्टीत आलं "ीोूा". चार मात्रा, अक्षर एक नाही. खाली काहीच नाही. मला वाटलं लाँचर बिघडला, दोनदा बंद करून चालू केला. डिस्पॅचवाल्या पोरानं मागून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मराठी चालू आहे की." Win+Space दाबून भाषा बदलली की झालं, पण रोज कोण लक्षात ठेवणार. फ्लो लाँचरमध्ये Always Start Typing in English Mode असा एक पर्याय आहे, तो लावला. आता पट्टी उघडली की इंग्रजी, बंद झाली की पत्र परत मराठीत.

अण्णांच्या मशीनवरही सगळं बसवून दिलंय. फाईली ते लाँचरने उघडतात, भराभर. हिशोब पण पट्टीतच करतात, कंसासकट. मग टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढून तोच हिशोब परत एकदा मारतात, दोन्ही आकडे जुळले की मगच फोनवर बोलतात. मी काही म्हणत नाही. नऊ हजार मी घालवलेत, त्यांनी नाही.