पंधरा शब्दांचा ग्राहक

आमच्या गावातल्या महिला बचत गटाची मिनी डाळ मिल आहे. यंत्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या प्रकारचे आहे आणि तुरीच्या हंगामात ते मनापासून चालते. गटाने यंदा पत्रक छापायचे ठरवले, त्यात ग्राहकांचे अभिप्राय घालायचे ठरवले आणि मी निवृत्त शिक्षक असल्याने रिकामा आहे, असेही परस्पर ठरवले. छापखानेवाल्याने प्रत्येक अभिप्रायासाठी पंधरा-वीस शब्दांची जागा दिली होती. अध्यक्षाताईंनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणलेले अभिप्राय मात्र असे होते की त्यांतला सर्वांत आटोपशीर माणूससुद्धा तुरीवर येण्याआधी पाऊस, मुलीचे लग्न आणि सोयाबीनचा भाव या तीन मुक्कामांवर थांबला होता.

ही ध्वनिमुद्रणे मी आधी शब्दशः कागदावर उतरवली, त्या कागदांवर तारीख घातली आणि ते कागद बाजूला ठेवून त्यांच्या नकलेवर पेन्सिल चालवली. माझा नियम साधा होता : खोडायला मोकळीक, लिहायला बंदी. मधले शब्द गाळले तर तिथे तीन टिंबे द्यायची, आणि एखादा शब्द घातल्याशिवाय अर्थच लागत नसेल तर तो चौकटी कंसात घालायचा, म्हणजे हा शब्द ग्राहकाचा नसून गुरुजींचा आहे हे वाचणाऱ्याला कळते. वऱ्हाडी बोलीला हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, कारण अध्यक्षाताईंच्या डोळ्यांत मला 'जरा शुद्ध करून घ्या' हे वाक्य तयार होताना दिसत होते.

खरी परीक्षा पाहिली ती शेजारच्या गावातल्या एका काकांनी. त्यांच्या लांबलचक निवेदनातून लग्न आणि पाऊस वजा केल्यावर उरले ते असे : "डाळ बेस हाय. पयल्या खेपेले तुकडाच लय पडला, मले वाटलं का आता इथं येनं नाही. मंग या बायांनी सांगतलं का तूर वल्ली होती. दुसऱ्या खेपेले वायवून आनली, तं क्विंटलाले बहात्तर किलो डाळ निंगाली. पन गर्दी असली का दोन दोन दिवस थांबा लागते."

अध्यक्षाताईंनी कागद ओढून घेतला आणि भाजी निवडावी तशा सराईतपणे त्यातली नको ती पाने खुडली. उरले ते : "डाळ बेस हाय... क्विंटलाले बहात्तर किलो डाळ निंगाली." त्या म्हणाल्या, "पाहा गुरुजी, एक शबूद माह्या पदरचा नाही. टिंबंबी देल्ले."

तक्रारीला जागाच नव्हती. शब्द सगळे काकांचे, टिंबे नियमाप्रमाणे, आणि तरीही हे वाक्य काका बोलले नव्हते. त्यांचे बहात्तर किलो हे वाळवलेल्या तुरीचे होते. तुरीत ओल असली की टरफल नीट सुटत नाही, ते सुटावे म्हणून जोर लावला की दाणा फुटतो, आणि डाळीऐवजी तुकडा व चुनी यांचाच ढीग वाढतो. ताईंचे वाक्य वाचून कोणी थेट शेतातली ओली तूर बैलगाडीत घालून आणली असती, त्याला हातात कमी डाळ मिळाली असती, आणि तो भांडायला मिलवर नव्हे तर काकांच्या ओसरीवर गेला असता. म्हणून मी एकच सलग वाक्य ठेवले : "दुसऱ्या खेपेले वायवून आनली, तं क्विंटलाले बहात्तर किलो डाळ निंगाली." टिंब एकही नाही, अट शाबूत आणि पहिली खेप बरी गेली नव्हती याची कुणकुणही 'दुसऱ्या' या शब्दात शिल्लक. माझ्या मते चांगल्या काटछाटीची हीच खूण आहे की टिंबे द्यावीच लागत नाहीत. टिंबे दोनदा आली की तिसऱ्या वेळी समजावे, आपण आता ग्राहकाचे बोलणे कापत नसून आपले बोलणे शिवत आहोत.

थांबावे लागते ही तक्रार मात्र मी अभिप्रायातून काढली. ती डाळीबद्दल नव्हती आणि ती गेल्याने डाळीबद्दलचे काकांचे मत बदलत नव्हते. पण तशीच तक्रार आणखी चौघांच्या तोंडी आल्यावर ती गाळून गप्प बसणे मला जमेना, म्हणून पत्रकाच्या तळाशी 'हंगामात आधी नंबर लावावा' ही ओळ गटाच्याच नावाने घालायला लावली. ताईंनी ती सर्वांत बारीक अक्षरात घालण्याच्या अटीवर मान्य केली.

दुसरा पेच खारपाणपट्ट्यातल्या एका मावशींचा. पूर्णाकाठच्या त्या भागात जमिनीतले पाणी खारट आहे आणि तिथे डाळ शिजवणे हा संयमाचा विषय आहे. मावशी म्हणाल्या होत्या, "नळाच्या पान्यात लवकर शिजते. हापशीच्या पान्यात नाही शिजत, पन त्यात तं कोनाचीच नाही शिजत." ताईंना 'लवकर शिजते' एवढे दोनच शब्द हवे होते. मी 'नळाच्या पान्यात' ठेवा म्हणून अडून बसलो, कारण पत्रक वाटले जाणार होते त्यातली कित्येक गावे हापशीवरच होती. तेव्हा मला २०२२ साली केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घ्यावा लागला. अभिप्राय हे देणाऱ्याचे खरे आणि बऱ्यापैकी ताजे मत असले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. सरकारचे नाव निघताच ताईंनी नळ मंजूर केला. 'ताजे' या अटीमुळे कित्येक हंगामांपूर्वीचा एक सुंदर अभिप्रायही बाद झाला, त्याचे दुःख त्यांना अजून आहे.

एक अभिप्राय तर कापण्याची गरजच नव्हती, इतका तो बांधेसूद होता : "काय बाप्पा, तुमच्या मिलीची गोष्टच न्यारी!" ताईंनी तो मुखपृष्ठासाठी राखून ठेवला होता. मी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवले. आजोबांच्या आवाजाआधी वीज गेल्याचा गलका होता, मग तिसऱ्यांदा बंद पडणाऱ्या यंत्राचा सुस्कारा, आणि त्यानंतर हे उद्गार. कागदावर जी आरती दिसत होती, ती कानाला चक्क शिवी वाटत होती. शब्द एकही न बदलता अर्थ उलटा करायचा असेल, तर माणसाचा सूर तेवढा कापावा लागतो. तो अभिप्राय मी संपूर्ण कापला.

छपाईआधी प्रत्येकाला त्याचे वाक्य वाचून दाखवून होकार घ्यायचा होता. मावशींनी दोन मिनिटांत मान डोलावली. काकांना मात्र मी ओसरीवर बसून त्यांचे वाक्य वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून ते दोनदा ऐकले आणि म्हणाले, "बोललो मीच. पन बहात्तर हे बारदान्यासकट होते, गुरुजी. तसं लिहा, नाही तं लोक मले इचारतीन."

मी ताईंना फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसता यंत्राचा आवाज येत राहिला. मग त्यांनी विचारले, "टिंबं देऊन नाही का भागत?"

पत्रकात आता 'दुसऱ्या खेपेले वायवून आनली, तं क्विंटलाले बारदान्यासकट बहात्तर किलो डाळ निंगाली' असे छापले आहे, आणि मिलवर नवीन येणारा प्रत्येक जण तूर खाली उतरवण्याआधी ताईंना रिकाम्या बारदान्याचे वजन विचारतो.