मायना नात्यावर ठरतो, वयावर नाही

पत्राच्या मायन्याबद्दल असा सल्ला दिला जातो: «लक्षात ठेवा! तीर्थरूप म्हणजे फक्त सख्खे आई-वडील. बाकी सगळ्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. आपल्याहून लहान मुलग्यांना चिरंजीव, मुलींना कुमारी किंवा सौ. पुढे शि. सा. न. वि. वि. लिहिलं की झालं, ते सगळ्यांना चालतं.»

पहिलं वाक्य शाळेतल्या पत्रलेखनातून आलेलं आहे. परीक्षेपुरतं ते चालेल, पण घरोघरच्या पत्रांना ते लागू पडत नाही. पेशवेकाळातल्या पत्रांत चुलत्याला आणि थोरल्या भावालाही सर्रास तीर्थरूप म्हटलेलं आहे. पुढे पोस्टकार्डाच्या जमान्यातही ती. काका, ती. आत्या, ती. दादा हेच चालत राहिलं. आपल्याच घरातली वडीलधारी माणसं तीर्थरूप आणि ज्यांना आपण वडिलांच्या जागी मानतो ते सासरे, गुरुजी, वडिलांचे स्नेही तीर्थस्वरूप, असा भेद पाळणारी घरं होती. तो मला पटतोही. पण बहुतेकांनी नुसतं 'ती.' लिहिलं आणि त्यात दोन्ही सामावून गेली. 'ती. स्व.' लिहायचंच असेल तर मात्र जपून. आजचा वाचक त्यातला 'स्व.' स्वर्गीय असा वाचतो आणि हयात सासऱ्यांच्या नावामागे तो दिसला की दचकतो. म्हणून तिथे अख्खा शब्द लिहावा.

चिरंजीव मुलींना चालत नाही हे तर कुठल्याही लग्नपत्रिकेवर खोटं ठरतं. वधूच्या नावाआधी छापलेलं 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. लेकीचं लग्न झालं की पत्रात ती 'चि. सौ.' होते, लग्नाआधी 'चि. कु.' असते. कुमारी आणि सौ. ही चिरंजीवच्या जोडीला येतात, त्याच्या जागी नाही. तसंच 'सौ.' मोठ्यांनाही लागतं: ती. सौ. आई, ती. सौ. काकू. विधवा आईला पूर्वी 'ती. गं. भा.', म्हणजे तीर्थरूप गंगाभागीरथी, असं लिहीत. आज ते लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 'ती. आई' एवढ्याने आदरात काही कमी होत नाही, आणि तिचं वैधव्य प्रत्येक पत्रात तिच्यापुढे ठेवायची गरजही नाही.

'आपल्याहून लहान' या शब्दांत खरी गफलत आहे. मोठ्या कुटुंबांत धाकटा काका पुतण्याहून चार वर्षांनी लहान निघतो. तरीही पुतण्या त्याला 'ती. काका' लिहितो आणि काका उत्तरात 'चि.' लिहितो. थोरल्या भावाची बायको दिराहून वयाने लहान असली तरी ती 'ती. सौ. वहिनी'च. जावयाला 'चि.' लिहीत, पण मान राखायला पुढे 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री जोडत आणि मजकुरात 'आपण' म्हणत. आजच्या पत्रात 'चि. श्री.' पुरे.

शि. सा. न. वि. वि. सगळ्यांना चालतं हे सर्वांत चुकीचं. त्याचा अर्थ शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, म्हणजे लिहिणारा पायावर डोकं ठेवतो आहे. धाकट्या भावाला 'चि.' लिहून त्याखाली हे लिहिलं तर मोठा भाऊ धाकट्याच्या पाया पडतो! चि. आलं की खाली 'अनेक उत्तम आशीर्वाद' यायला हवं. ती. असेल तर शि. सा. न. वि. वि. किंवा सा. न. वि. वि. लिहावं. बरोबरीच्या नात्याला, म्हणजे मित्राला किंवा व्याह्यांना, 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार. मायना बरोबर बसला की नाही हे पाहायचं तर पहिली आणि दुसरी ओळ एका दमात वाचावी. विसंगती लगेच कानाला खटकते.

समजा, पुण्याला शिकणारी मुलगी कोकणातल्या काकांना पत्र लिहिते आहे. वर मधोमध श्री, उजवीकडे गाव आणि तारीख. मग

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मजकूर संपला की घरातल्या प्रत्येकाचं वेगळं: «ती. आजीस व ती. सौ. काकूस सा. न. चि. बाळ्यास व चि. कु. मनीस अनेक आशीर्वाद. चि. सौ. ताईचे पत्र आले का?» इथे ही ताई म्हणजे काकांची थोरली लेक, लिहिणारीपेक्षा मोठी. मग 'चि. सौ.' चुकलं! पुतणीने 'सौ. ताई' किंवा 'ती. सौ. ताई' लिहायला हवं होतं. काकांच्या पत्रात तीच ताई 'चि. सौ.' असेल, आणि तिथे ते बरोबर असेल.