लोणच्यातला माणूस

पुण्यात मी दुकानांच्या कॅटलॉगसाठी फोटो काढते. साबण, कढया, एकदा तर नुसत्या नळाच्या तोट्या. माहेरच्या नातेवाइकांत माझी ओळख त्यामुळे ‘साबणांचे फोटो काढणारी’ एवढीच आहे. यावर कुणी पुढे काही विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.

मार्चात मावशीचा फोन आला. तिचं गाव वाईच्या पुढे. तिच्या बचत गटाने व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग उघडला होता. कैरीचं लोणचं, भाजणीची चकली, शेंगदाण्याची चटणी, सगळं फोटोसकट. पहिल्याच दिवशी मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला. सगळ्यांनी हातातली कामं टाकून तो वाचला. मेसेज होता: ‘ताई, लोणच्यातला माणूस कोण?’

मी फोटो मोठा करून पाहिला. काचेच्या बरणीच्या पोटावर, कैरीच्या दोन फोडींच्या मधोमध, बनियनवरचे काका उभे होते. तोंडात ब्रश होता.

“तू वीस मिनिटं येऊन सांगून जा,” मावशी म्हणाली. “आमची पाच तारखेला बैठक असती. हप्ते गोळा झाले की तुझं भाषण.”

बचत गटाच्या बैठकीत वीस मिनिटं असा प्रकार नसतो, हे मला कुणी सांगायला हवं होतं. अंगणवाडीच्या खोलीत दहाच्या सुमाराला सतरंजी पडली. आधी हजेरी, मग बचत, मग कर्जाचे हप्ते. एका हप्त्यात वीस रुपये कमी निघाले, ते अर्ध्या तासाने एका वहिनींच्या ब्लाउजमध्ये सापडले. मग सचिवबाईंनी प्रोसिडिंगची वही उघडली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि मला म्हणाल्या, “ताई, सावकाश बोला. सगळं लिहून घ्यावं लागतंय.”

मी म्हटलं, “सगळ्यात आधी ट्यूबलाइट बंद करूया.”

त्यांनी लिहिलं. सूचक, पाहुण्या ताई. अनुमोदक कोण, म्हणून त्यांनी सभेकडे पाहिलं. एक हात वर झाला. ट्यूबलाइट सर्वानुमते बंद झाली.

ट्यूबचं कारण मी सांगितलं ते असं. दारातून येणारा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण फोन गोंधळतो. तो एकाला पांढरं धरायला जातो तर दुसरा हिरवा किंवा निळसर होतो, आणि हळदीचं लोणचं आजारी दिसायला लागतं. म्हणून एकच उजेड ठेवायचा, दाराचा. बरणी दारापासून दोन हात आत, आणि उजेड समोरून नाही, बाजूने. ऊन थेट पडत असेल तर मध्ये पातळ पांढरं कापड धरायचं.

पातळ पांढरं कापड म्हणून समोरच्या घरातून आबांचं धोतर आलं. आबा अंघोळीला गेले होते, ही माहिती मला नंतर मिळाली.

आता काकांचा प्रश्न. काचेची बरणी गोल असते, त्यामुळे ती समोरची अख्खी खोली पोटात घेते. समोर जे उजळ असेल ते काचेत दिसणार. काकांचं बनियन पांढरं होतं, म्हणून ते दिसले. सदरा काळा असता तर फक्त दात दिसले असते. उपाय म्हणजे बरणीसमोर काळं काहीतरी उभं करायचं आणि त्याच्या आडून फोटो काढायचा. आमच्या स्टुडिओत त्यासाठी काळा पडदा असतो.

“काळं कुठनं आणायचं?” कुणीतरी म्हणालं. मग सगळ्याजणी एकदम बोलल्या. संक्रांतीची साडी! वर्षातून एकदा नेसायची, एरवी ट्रंकेत. पाच मिनिटांत तीन काळ्या साड्या हजर झाल्या. दोघींनी एक साडी अंतरपाटासारखी ताणून धरली, मधल्या फटीतून मी फोन बाहेर काढला, आणि पलीकडे नवरीसारखी बरणी. एक वहिनी मंगलाष्टक म्हणायला लागल्या, त्यांना सचिवबाईंनी दटावलं.

बरणीतला माणूस गेला. पण लोणचंही गेलं. फोटोत नुसता लाल चिखल दिसत होता.

हे होणारच होतं, आणि माझ्या भाषणातला खरा मुद्दा हाच होता. काळ्या साडीने फोनला वाटतं, फार अंधार आहे, म्हणून तो सगळाच उजेड वाढवतो. तिखटाचा लाल रंग आधीच भडक. तो वाढवला की फोनला पेलवत नाही. मग फोड कुठली, खार कुठला, मोहरीची डाळ कुठली, काही वेगळं राहत नाही. अशा वेळी पडद्यावर लोणच्यावरच बोट टेकवायचं. शेजारी छोटा सूर्य उमटतो. तो बोटाने खाली ओढायचा, फोडीची कड दिसेपर्यंत. फोटो थोडा काळसर वाटला तरी चालेल, नंतर उजळता येतो. करपलेली भाजी दुरुस्त होत नाही, कच्ची होते, तसंच हे.

हे उदाहरण सगळ्यांना पटलं. वहीत काय लिहिलं गेलं ते मी नंतर वाचलं: ‘सूर्य खाली ओढावा. मंजूर.’

आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा करायचा, म्हणजे अंधाऱ्या बाजूच्या फोडीही दिसतात. आम्ही हजेरीपत्रकाचा मागचा भाग वापरला. त्याला सध्या हळदीचा वास येतो.

मग मी चूक केली. म्हटलं, “वर तेल फार दिसतंय. थोडं काढूया का?”

खोलीत शांतता पसरली. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आजींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. वय ऐंशीच्या पुढे, गटाचं लोणचं त्यांच्याच हातचं.

“बोटभर तेल वर ऱ्हायलाच पायजे. वारं लागलं की बुरशी. तुझ्या फोटूपायी माझं लोणचं नासवू काय?”

बरोबर होतं त्यांचं. तेल काढायचं नाही, लोणचं बाहेर काढायचं. बरणी मागे, पुढे चिनी मातीची बशी, तीत दोन फोडी. एकीचं साल वर, एकीचा गर, आणि शेजारी चमचाभर खार. गिऱ्हाईक फोड बघतं, बरणी नव्हे. स्टीलची वाटी नको, तिच्यात पुन्हा काका येतील.

“कोरड्या चमच्यानं काढ,” आजी म्हणाल्या. “आनि भाईर आल्यालं परत आत जायाचं न्हाई.”

हा नियम कुठल्याही फोटोग्राफीच्या वर्गात शिकवत नाहीत, पण शिकवायला हवा. फोटोसाठी हाताळलेली फोड बरणीत परत गेली, तर अख्खी बरणी जाते. मग बशीतल्या फोडींचं काय, असा प्रश्न आला. त्याला उत्तर म्हणून भाकऱ्या आल्या. प्रत्येक फोटोनंतर बशी रिकामी होत होती आणि मला पुन्हा मांडणी करावी लागत होती. सहाव्या बशीला मला संशय आला, की फोटो मुद्दाम बिघडवले जात आहेत.

चकलीचं थोडक्यात सांगते. मावशीच्या पुतणीने तिचे फोटो आधीच काढले होते, चेहरा गोरा करणाऱ्या कुठल्याशा ॲपमधून. त्या ॲपचं काम सुरकुत्या आणि मुरुमं घालवणं. त्याने इमानाने चकलीचे सगळे काटे घालवले होते. दाढी केलेली, गुलाबी चकली. चकलीला फ्लॅशही नको. समोरून उजेड मारला की काट्यांची सावली पडत नाही आणि ती चपटी दिसते. आडव्या उजेडात ठेवायची आणि एक मोडून ठेवायची, म्हणजे आतली जाळी दिसते.

“मोडकी चकली कोन घेनार?” आजी म्हणाल्या. हा ठराव नामंजूर झाला.

मग मजकूर. कॅटलॉगमध्ये लोणच्याखाली लिहिलं होतं: ‘आजीच्या मायेची चव! एकदा खाल तर पुन्हा मागाल! किंमत विचारा.’ कुणीही विचारली नव्हती. मी म्हटलं, माया नंतर. आधी नाव लिहा: कैरीचं लोणचं, तिखट, 250 ग्रॅम, काचेची बरणी, 130 रुपये.

“अडीचशे बरणीसकट का?”

रिकामी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग भरायचं. थोडं जास्त गेलं तर गिऱ्हाईक खूश, कमी गेलं तर फसवणूक. यावर वाद झाला नाही, कारण गावात मापावरून एक जुनं भांडण होतं आणि दोन्ही पार्ट्या खोलीत बसल्या होत्या.

वाद झाला घटकांवरून. मी म्हटलं, जे वजनाने जास्त ते आधी, अशा क्रमाने सगळे घटक लिहायचे. कैरी, शेंगदाणा तेल, मीठ, मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद, हिंग. आजींनी पदर खोचला.

“समदं लिवलं तर जग करंल की लोणचं.”

मी समजावलं, की नावं लिहायची, प्रमाण नाही. मेथी कितपत तळायची, हे कुठल्याच कायद्याने विचारलेलं नाही. त्या जरा निवळल्या. पण शेंगतेल का लिहायचं? कारण शेंगदाणा न चालणारी माणसं असतात आणि त्यांचा घसा सुजतो. आणि बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, तेही डबीवर वाचून लिहायचं.

“हिंगात पीठ?” आजी म्हणाल्या. साठ वर्षं विश्वासाने वापरलेल्या डबीकडे त्यांनी अशी काही नजर टाकली, की मला त्या दुकानदाराची काळजी वाटली.

दुसरा फोटो लेबलचा काढा, असंही मी सांगितलं. अक्षरं वाचता यायला हवीत, हिरवा ठिपका दिसायला हवा, बनवल्याची तारीख आणि फूड लायसनचा चौदा आकडी नंबर दिसायला हवा. सचिवबाईंनी तो नंबर मोठ्याने वाचला आणि तेरा आकडे भरले. लेबलं पाचशे छापून आली होती. सभेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चौदावा आकडा मीच खाल्ला होता, भाकरीबरोबर.

दुपारी तीनला मी सुटले. नवा फोटो खरंच चांगला आला होता. मागे बरणी, पुढे बशी, आजींच्याच हट्टाने ठेवलेला कोरडा चमचा आणि त्यात थोडासा खार. बरणीत काका नाहीत, कुणीच नाही. ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून तो कॅटलॉगवर चढला.

मी एसटीत स्वारगेटला पोचते ना पोचते तोच मावशीने एक मेसेज पुढे पाठवला. तेच मुंबईचं गिऱ्हाईक होतं. त्याने फोटो मोठा करून पाहिला होता. स्टीलच्या चमच्याच्या खळग्यात, खाराच्या वर, डोकं खाली पाय वर अशी एक बाई फोन धरून लटकली होती.

‘ताई, आता ही कोण?’

मावशीने त्याला उत्तर दिलं होतं: ‘ती माझी भाची. पुण्याला असते. बरणीबरोबर मिळत नाही.’